'हृदयक्रिया बंद पडली' हे मृत्यूचे कारण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या मेहुण्यांच्या आयुर्विम्याचा दावा बहिणीच्या वतीने दाखल करताना जे लक्षात आले, ते इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

पालिकेचा मृत्यूचा दाखला मिळाला की काम झाले, अशी बहुतेकांची समजूत असते. पण त्या दाखल्यावर मृत्यूचे कारण नसतेच, कारण कायद्यानेच ते उघड करायला मनाई आहे. कारण लिहिलेले असते ते रुग्णालयाने निबंधकाकडे पाठवलेल्या 'नमुना 4' या मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 2023 साली झालेल्या दुरुस्तीनुसार या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला विनाशुल्क द्यायची आहे. आमच्या रुग्णालयातल्या खिडकीवर मात्र "ते थेट पालिकेत जातं, तुम्हाला मिळत नाही" असे ठणकावून सांगण्यात आले. कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा प्रत निघाली.

तिच्यात तात्काळ कारण म्हणून 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे' एवढेच लिहिले होते. ती तर प्रत्येकाचीच बंद पडते! नमुन्यावरच सूचना असते की मरणाचा प्रकार नको, आजार लिहा. मेहुण्यांना न्यूमोनिया होऊन रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता. तो जंतुसंसर्ग पहिल्या ओळीत आणि न्यूमोनिया खालच्या (ख) ओळीत यायला हवा होता, पण खालच्या ओळी कोऱ्याच होत्या.

खरी अडचण रुग्णालयाने दिलेल्या उपचारांच्या सारांशात, म्हणजे डेथ समरीत निघाली. 'पूर्वेतिहास' या शीर्षकाखाली 'मधुमेह, 10 वर्षे' असे लिहिले होते. दाखल करताना कोणा नातेवाइकाने घाईत काहीतरी सांगितले असावे आणि ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरांनी ते टिपून घेतले असावे. प्रत्यक्षात मधुमेहाचे निदान 10 महिन्यांपूर्वीचे, आणि पॉलिसी 2 वर्षांपूर्वीची. पॉलिसीला 3 वर्षे पूर्ण झाली नसतील, तर आजार लपवल्याचा मुद्दा कंपनी काढू शकते. तो तिने काढला आणि दावा अडला.

यावर उपाय आहे, पण रुग्णालयाची तयारी हवी. निदानाच्या वेळचा रक्त तपासणीचा अहवाल आणि पहिली औषधचिठ्ठी जोडून, उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. खाडाखोड केलेला कागद विमा कंपनी मानत नाही. मूळ नोंद तशीच ठेवून, तारीख, सही आणि शिक्का असलेले वेगळे स्पष्टीकरण लेटरहेडवर घ्यावे. आमचा दावा शेवटी त्यावरच मंजूर झाला.

वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत कागदपत्रे द्यायची असतात. बिल चुकते करण्याच्या खिडकीवरच रुग्णालयांनी ही माहिती लावावी. आणि नातेवाइकांनी डेथ समरी हाती आली की तिथेच नाव, वय आणि पूर्वेतिहासाची ओळ वाचून घ्यावी. त्या वेळी डोके ठिकाणावर नसते हे खरे, म्हणून हे काम शेजारी किंवा मित्राकडे सोपवलेले बरे.

आपला,
एक वाचक