पोस्टरसाठी फोटो: रविवारी सकाळी ८ वाजता

मंडळी, गेल्या सीझनच्या पोस्टरवर कुणावर उजवीकडून ऊन, कुणावर डावीकडून, आणि आपला कीपर सगळ्यांपेक्षा वीतभर उंच दिसत होता. फोटो उलटवून उजेड जुळवायला गेलो, तर जर्सीवरचा नंबरच उलटा झाला. म्हणून यंदा सगळ्यांचे फोटो पॅव्हेलियनच्या सावलीत, एकाच जागी काढू.

ज्यांना जमणार नाही त्यांनी घरी काढा, पण असेच: थेट ऊन नको, मोकळी सावली हवी आणि उजेड तुमच्या डाव्या हाताकडून यायला हवा. फोन उभा, छातीच्या उंचीवर, तुमच्यापासून दहा फुटांवर, 2x झूमवर. जवळून काढला की डोकं मोठं आणि पाय बारीक दिसतात. फ्रेममध्ये गुडघ्यापर्यंत या, डोक्यावर वीतभर जागा सोडा आणि बॅट पूर्ण दिसू द्या. तुटलेलं टोक मला नंतर जोडता येत नाही. कॅप थोडी वर सरकवा, नाहीतर डोळ्यांवर काळी पट्टी येते.

पोर्ट्रेट मोड, फिल्टर बंद. व्हॉट्सॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मंगळवार रात्रीपर्यंत. सेल्फी घेणार नाही, कॅप्टनचाही नाही.