गर्दी मोजून धर्म कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षण आणि शहरे वाढली की धर्म ओसरतो, हे समाजशास्त्राचे भाकीत साफ चुकले, असे आपल्या अंकातील लेखात वाचले. पुरावा म्हणून पौर्णिमेला नृसिंहवाडीत होणारी गर्दी दिली होती. लेखातला समाजशास्त्रज्ञ पीटर बर्जर यांचा दाखला योग्यच आहे. एकविसाव्या शतकात श्रद्धाळू माणसे छोट्या पंथांपुरतीच उरतील, असे ते १९६८ साली म्हणाले होते आणि १९९९ मध्ये त्यांनीच ते मत सोडले. पण सोडताना पश्चिम युरोप आणि जगभरचा पाश्चात्त्य वळणाचा उच्चशिक्षित वर्ग, असे दोन अपवाद त्यांनी कायम ठेवले होते. लेखात ते आले नाहीत.

माझी मुख्य हरकत गर्दीच्या पुराव्याला आहे. पूर्वी सांगलीहून वाडीला जायचे म्हणजे एसटीची वाट पाहण्यात निम्मा दिवस जाई. आता घरोघरी दुचाकी आहे. माणसे वाढली की तीच माणसे जास्त वेळा जाऊ लागली, हे गर्दी सांगत नाही.

मार्क चेव्हज या अभ्यासकाने १९९४ मध्ये वेगळी कसोटी सुचवली. श्रद्धा किती उरली हे न मोजता धर्माचा अधिकार कुठवर चालतो ते पाहावे, असे त्यांचे म्हणणे. ते मला आमच्या कॉलनीतच दिसते. दत्तजयंतीला आमच्याकडे गुरुचरित्राचा सप्ताह असतो. बायकांनी ही पोथी वाचू नये, असा जुना दंडक. माझ्या सासूबाई ती सोवळ्यात ऐकायच्या, पण त्यांनी कधी हातात घेतली नाही. आज आमच्याकडे वाचायला बसणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बायका आहेत. परवानगी कोणी दिली? कोणत्याही शास्त्रीबुवांना विचारले नव्हते. वर्गणीच्या बैठकीत एकीने विषय काढला, बाकीच्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी चौरंग मांडले गेले. म्हणजे पारायण वाढले आणि ते वाढवतानाच जुना अधिकार मोडला गेला. लेखाच्या हिशेबात हे निव्वळ धर्माचे पुनरुज्जीवन ठरेल. मला ते अर्धेच खरे वाटते.

तरी ही कसोटीही सगळीकडे पुरत नाही. अधिकार नेहमी नाहीसाच होतो असे नाही. कधी तो गावच्या भटजींकडून निघून एखाद्या गुरूंच्या केंद्राकडे जातो. आणि कधी तो माणसाच्या आतच राहतो. पाळीच्या दिवसांत काय करायचे, यावर आमच्या बैठकीत मुद्दाम काहीच ठरवले नव्हते. ज्याचे त्याने पाहावे, एवढेच बोलणे झाले. गेल्या सप्ताहात दोघी चौथ्या दिवशी आल्या नाहीत. एक बँकेत अधिकारी आहे, दुसरी फिजिओथेरपिस्ट. त्यांना कोणीही थांबवले नव्हते.

– एक निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली