बाईंच्या चिठ्ठीत काय लिहिलंय

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

दप्तराच्या पुढच्या कप्प्यात बाईंसाठी चिठ्ठी ठेवली आहे. मुद्दामच पाकीट चिकटवलेलं नाही. तीत काय आहे ते तुलाही ठाऊक हवं.

गेल्या वर्षी खेळाच्या तासाला तुला धाप लागली तेव्हा दम्याचा पंप ऑफिसच्या कपाटात होता, किल्ली शिपाईमामांकडे आणि तू बाकावर आडवा. पंप आला तो न हलवताच स्पेसरच्या नळकांड्यात पाठोपाठ तीनदा दाबला गेला. असं केलं की बरंचसं औषध स्पेसरलाच चिकटतं, छातीत थोडंच उतरतं. दोष कुणाचा नाही, कुणाला सांगितलंच नव्हतं आम्ही.

म्हणून लिहिलंय, की सकाळ-संध्याकाळचा पंप घरीच होतो. तो सूज कमी ठेवतो, पण धाप लागल्यावर त्याचा लगेच उपयोग नाही. शाळेत लागतो तो निळा, साल्ब्युटामॉलचा, आणि तो आता दप्तरातच राहील. तुझ्या छातीत आधी शिटी वाजत नाही, कोरडा खोकला सुरू होतो आणि तू खांदे वर घेऊन बसतोस. घोडबंदर रोडच्या धुळीतून बस आली की हमखास. शिटीची वाट बघायची नाही, तेव्हाच पंप घ्यायचा.

ताठ बसायचं, झोपायचं नाही. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एकदाच दाबायचा आणि तोंडाने सावकाश पाच-सहा श्वास घ्यायचे. अर्धा मिनिट थांबून पुन्हा हलवून दुसरा. डॉक्टरांनी तुला दोनच सांगितलेत. तेवढ्याने दहा मिनिटांत बरं वाटलं तर वर्गात बस, पण मला फोन जायलाच हवा. चार तासांच्या आत पुन्हा लागला तर मी न्यायला येणार, मग परीक्षा असो की स्नेहसंमेलन.

दोनाने फरक पडला नाही, एका दमात वाक्य पुरं होईना, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर बाई आधी 108 ला फोन करतील, मग मला. गाडी येईपर्यंत दर अर्ध्या-एक मिनिटाने एक असे दहापर्यंत द्यायला डॉक्टरांनी लिहून दिलंय, तो कागद चिठ्ठीला जोडलाय. शिटी अचानक थांबली आणि तू मात्र दमलेलाच असलास, तर ते बरं होणं नव्हे. हवाच आत जात नसते. हे वाक्य मी बाईंसाठी दोनदा अधोरेखित केलंय.

मुलं हसतील म्हणून पंप लपवू नकोस. हसणाऱ्याला स्पेसरमधून श्वास घेऊन दाखव, पण त्याच्या हातात देऊ नकोस.

पंपाच्या मागचा आकडा आज 64 आहे. 20 वर आला की मला सांग, नवा आणायला हवा.

तुझी,
आई