चेहरा चिकटवलेला फोटो आणि शाळेचे पहिले दोन दिवस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबत पाठवलेला मसुदा, दोन्ही काळजीपूर्वक वाचले. एखाद्या विद्यार्थिनीचा चेहरा दुसऱ्याच कुणाच्या उघड्या शरीरावर चिकटवून केलेला फोटो वर्गात फिरू लागला तर शाळेने काय करावे, यासाठी तुझ्या सहकाऱ्यांनी हा मसुदा लिहिला आहे. त्यातले पहिलेच वाक्य असे आहे : ‘फोटो खरा आहे की बनावट, याची शाळेने प्रथम खात्री करून घ्यावी.’ हे वाक्य तू खोडून टाकावेस, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

खात्री करून घ्यायची म्हणजे फोटो पाहायचा, आणि पाहायचा म्हणजे तो कुणाच्या तरी फोनवरून कुणाच्या तरी फोनवर यायचा. मी समुपदेशक म्हणून काम करत होते त्या शाळेत नेमके हेच घडले. नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकेकडे आली आणि आपल्या मैत्रिणीचा असा फोटो मुलांच्या ग्रुपवर आल्याचे तिने सांगितले. वर्गशिक्षिकेने ‘दाखव बघू’ म्हटले, पुरावा हाती असावा म्हणून तो स्वतःच्या फोनवर घेतला आणि मुख्याध्यापकांना पाठवला. मुख्याध्यापकांनी तो उपमुख्याध्यापकांना आणि संगणकाच्या शिक्षकांना पाठवला, कारण तो बनावट आहे का हे त्यांना विचारायचे होते. शाळा सुटेपर्यंत चार मोठ्या माणसांच्या फोनवर त्या मुलीचा फोटो होता, आणि त्यांतल्या एकाचा फोन घरी मुले खेळायला घेत असत. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण आपला फोटो शिक्षकांच्या खोलीतही पोहोचला आहे, हे त्या मुलीला तिसऱ्या दिवशी कळले आणि त्यानंतर ती आठ दिवस शाळेत आली नाही. मुलांनी जे केले त्यापेक्षा हे तिला अधिक लागले होते. तिने मला तसे स्पष्ट सांगितले.

शिवाय अनेक देशांच्या कायद्यांत अल्पवयीन मुलाचे असे चित्र जवळ ठेवणे किंवा पुढे पाठवणे हाच गुन्हा आहे, आणि चित्र संगणकावर तयार केलेले असले तरी तो टळतोच असे नाही. तक्रारीसाठी पाठवले, हे कारण नंतर ऐकले जाईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. स्पेनमधल्या आल्मेंद्रालेहो या गावात 2023 साली शाळकरी मुलींच्या साध्या, कपडे घातलेल्या फोटोंवरून एका ॲपने नग्न चित्रे केली गेली होती. चित्रे खोटी आहेत हे तिथे सर्वांना ठाऊक होते, तरीही 2024 मध्ये बालन्यायालयाने 15 अल्पवयीनांना एक वर्ष देखरेखीखाली ठेवण्याचा निकाल दिला.

खरे-खोटे ठरवण्याला माझा विरोध आहे याचे आणखी एक कारण आहे आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कधी कधी फोटो खरा असतो, विश्वासाने कुणाला तरी पाठवलेला असतो, आणि घाबरलेली मुलगी तो बनावट असल्याचे सांगते. शाळेने बनावट फोटोला सहानुभूती आणि खऱ्या फोटोला चौकशी अशी विभागणी केली, तर त्या मुलीला खोटे बोलण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि पुढे ते उघड झाले की तीच आरोपी ठरते. फोटो कसाही असला तरी शाळेची पहिली पावले तीच असली पाहिजेत, म्हणजे हा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही.

आता ती पावले कोणती, ते सांगते. कुणी सांगायला आले की शिक्षकाने फोटो न पाहता चार गोष्टी ऐकाव्यात : तो कुठे दिसला, केव्हा दिसला, कुणाच्या नावाने आला आणि त्यात काय आहे हे शब्दांत. त्या तिथल्या तिथे कागदावर, सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहाव्यात आणि खाली वेळ व सही घ्यावी. ग्रुपचे नाव, त्यात किती जण आहेत, ग्रुप कुणी चालवला आहे, समाजमाध्यमावर असेल तर खात्याचे नाव आणि पानाचा पत्ता, एवढे लिहून घेतले की पुढच्या तपासाला पुरेसा आधार मिळतो. स्क्रीनशॉट घेऊ नये, कारण तो पुरावा नसून आणखी एक प्रत असते. फोन ताब्यात घ्यावा लागलाच, तर तो विमान मोडवर टाकून मालकाच्या समोर पाकिटात बंद करावा, पाकिटावर दोघांच्या सह्या घ्याव्यात, मुख्याध्यापकांच्या कपाटाला कुलूप लावून ठेवावा आणि पालकांना लगेच कळवावे. तो उघडून चाळण्याचे काम शाळेचे नाही.

तुझ्या मसुद्यात ‘सर्व विद्यार्थ्यांकडून फोटो तत्काळ डिलीट करून घ्यावा’ असेही आहे. भावना योग्य आहे, पण क्रम चुकला आहे. ज्या दोन-तीन फोनवरून साखळी सुरू झाली असे दिसते, त्यांतला मजकूर पोलिसांनी सांगेपर्यंत तसाच राहू द्यावा, नाही तर फोटो कुणी केला हे कधीच सिद्ध होणार नाही. बाकीच्यांनी काय करावे हेही पोलिसांना त्याच दिवशी विचारून घ्यावे, आणि पुसायला सांगितले तर ते घरी, पालकांच्या समोर पुसले जावे. काही ॲपमधले संदेश ठरावीक वेळाने आपोआप नाहीसे होतात, म्हणून तक्रार सोमवारपर्यंत थांबवून चालत नाही. आमच्या शाळेत ती शुक्रवारी दुपारी कळली होती आणि शनिवारी ग्रुपच बंद झालेला होता.

मुलीशी बोलणाऱ्या व्यक्तीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. ती व्यक्ती एकच असावी, आणि ती कोण असावी हे मुलीने सांगावे. तीच हकीकत वर्गशिक्षिका, पर्यवेक्षक, मुख्याध्यापक आणि संस्थेचे कुणी अशा चौघांना चार वेळा सांगायला लावणे ही शिक्षाच आहे. ‘हा फोटो तुझाच आहे का’, ‘तू कुणाला फोटो पाठवला होतास का’, ‘इतके फोटो का टाकतेस’ हे प्रश्न कुणीही विचारू नयेत. मी पहिल्यांदा तिला एवढेच म्हटले होते : ‘मी तो फोटो पाहिलेला नाही आणि पाहणार नाही.’ तोवर ती मान खाली घालून दप्तराच्या बंदाला गाठी मारत बसली होती. हे ऐकल्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. पुढे तिला आज काय हवे आहे ते विचारावे : वर्गात बसायचे आहे की घरी जायचे आहे, आईवडिलांना तिने सांगायचे की आपण, आणि आपण सांगायचे तर ती समोर असावी की नसावी. पालकांना कळवणे टाळता येत नाही, पण कसे कळवायचे हे तिच्या हाती ठेवता येते. जागा बदलायची वेळ आली तर ती फोटो करणाऱ्याची आणि पसरवणाऱ्यांची बदलावी. मुलीला दुसऱ्या तुकडीत पाठवले की शाळेने कुणाला दोषी ठरवले, याचा अर्थ मुले बरोबर लावतात.

फोटो काढून टाकण्याच्या कामात शाळा मदत करू शकते, पण ती मर्यादित असते आणि हे मुलीला आधीच सांगावे. अमेरिकेतल्या हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची `takeitdown.ncmec.org` ही विनामूल्य सेवा कोणत्याही देशातून वापरता येते. वयाच्या अठराव्या वर्षाआधीच्या चित्रांसाठी ती आहे. फोटो त्यांना पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा अंकाक्षरी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी समाजमाध्यमांकडे जातो, म्हणजे त्यांना तेच चित्र ओळखून काढता येते. परंतु फोटो कापला किंवा त्यावर काही लिहिले तर ठसा जुळेलच असे नाही, जी माध्यमे सहभागी नाहीत तिथे त्याचा उपयोग होत नाही, आणि कूटबद्ध खासगी संदेशांत तो पोहोचत नाही. आमचा फोटो अशाच एका खासगी ग्रुपवर होता, त्यामुळे तिथे ग्रुपमधल्या मुलांपर्यंत माणसांनीच जावे लागले.

मुलांशी बोलताना एक भेद कटाक्षाने पाळावा. ज्याने चेहरा चिकटवला, ज्याने तो ग्रुपवर टाकला, ज्यांनी पुढे पाठवला, ज्यांच्या फोनवर तो नुसता येऊन पडला आणि ज्या मुलीने येऊन सांगितले, हे सगळे एका रांगेत उभे केले तर पुढच्या वेळी कुणीही सांगायला येणार नाही. आमच्या शाळेने ग्रुपमधल्या सव्वीसही मुलांना सभागृहात उभे करून जाब विचारला होता. ती चूक होती, आणि मी त्या वेळी पुरेशा जोराने विरोध केला नाही याचे मला आजही दुःख आहे. मुलांना एकेकटे, शक्यतो एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत, त्यांच्या पालकांसमोर भेटावे, म्हणजे आपसात हकीकत जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही. पोलिसांकडे प्रकरण गेले असेल तर तपशील विचारूच नयेत, फक्त ‘पुढे पाठवायचा नाही, त्या मुलीशी संपर्क करायचा नाही’ एवढे लेखी सांगावे. मुलीसमोर उभे करून माफी मागायला लावणे हा आपल्याकडचा आवडता शेवट आहे. त्यात माफी मागणारा सुटतो आणि ऐकणारीवर क्षमा करण्याचे ओझे येते. तिने स्वतः मागितल्याशिवाय ते कधीही करू नये.

पालकांना जायच्या पत्रात मुलीचे नाव, इयत्ता किंवा फोटोचे वर्णन असू नये. पत्र जाण्याआधी ते त्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना वाचायला द्यावे.

एक गोष्ट आम्हाला फार उशिरा सुचली. त्या मुलीचा चेहरा शाळेच्याच संकेतस्थळावरच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोतून घेतलेला होता. मोठ्या आकाराचा, समोरून काढलेला, खाली पूर्ण नाव लिहिलेला असा तो फोटो होता. ही तपासणी तू आजच करून घे : जवळून काढलेले चेहरे काढून टाक, समूहाचे फोटो लहान आकारात ठेव आणि नावे लिहू नकोस.

आणि असे कधी घडलेच, तर तारखा तुझ्या वहीत लिहून ठेव. आठवड्याने, महिन्याने, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्या मुलीला कुणीतरी विचारले पाहिजे. आमचा फोटो प्रकरण मिटल्यानंतर सात महिन्यांनी दुसऱ्या तुकडीत पुन्हा आला. या वेळी ती स्वतः माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘मॅडम, आला आहे परत. तुम्ही पाहू नका, मी काय ते लिहून आणले आहे.’ कागदावर ग्रुपचे नाव, वेळ आणि पाठवणाऱ्याचे नाव होते.

मसुदा सुधारलास की मला पाठव. पालकांना जायचे पत्र आधी पाठवलेस तर अधिक बरे.

तुझी मैत्रीण