फाइल जाड आहे, पण रात्रीच्या पातेल्याचं काय?

मा. संपादक यांस,
स.न.

तुमच्या पेपरात घरगुती किचन आणि लायसन्सवर अधूनमधून छापून येतं ते मी आवर्जून वाचते कारण मी स्वतः घरून जेवण करून देते, आधी ओळखीतल्यांना, मग ओळखीच्यांच्या ओळखीतल्यांना, आणि आता ऑर्डरी इतक्या वाढल्या की लायसन्सशिवाय पुढे जाणं बरोबर वाटेना. पण दरवेळी छापून येतं ते काय, तर कोणते कागद जोडायचे, फॉर्म कुठे भरायचा, फोटो किती लागतात. तेवढं तर कुणीही सांगतं हो. माझं गाडं अडलं ते वेगळ्याच जागी, म्हणून हे पत्र.

मी अर्जाच्या वेळी एका सल्लागाराकडून तयार फाइल घेतली होती. त्यात बावीस फॉर्म. फ्रीजचं टेंपरेचर, साफसफाई, हातधुणी, कीटक, माल आला गेला, सगळ्याला वेगळा कागद, छान प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. मी आणि माझा भाचा दर रविवारी बसून आठवड्याचं भरून टाकायचो. फ्रीज 4, फ्रीज 4, फ्रीज 4. तपासणीला बाई आल्या, त्यांनी फाइल चाळली आणि एवढंच विचारलं की काल रात्री उरलेला रस्सा किती वाजता फ्रीजमध्ये गेला आणि तेव्हा मधोमध किती डिग्री होता? मी गप्प. बावीस फॉर्ममध्ये हा रकानाच नव्हता! त्या चिडल्या वगैरे नाहीत, फक्त म्हणाल्या, एकाच पेनाने एकाच दमात भरलेला महिना लगेच ओळखू येतो, आणि बंद असलेल्या दिवशीसुद्धा तुमचा फ्रीज 4 दाखवतोय.

लाजच वाटली. मग एक सुईवाला डिजिटल थर्मामीटर आणला. आधी तो खरं सांगतो का ते बघायचं असतं, त्यासाठी ग्लासात बारीक फोडलेला बर्फ काठोकाठ आणि फटी भरतील एवढंच पाणी, दोन मिनिटं ढवळायचं, सुई मधोमध धरायची, तळाला टेकवायची नाही, आकडा 0 यायला हवा. माझा 1 दाखवत होता म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं की एक वजा करायचा. उकळत्या पाण्यातही तपासतात पण उंचीवरच्या गावात पाणी 100 च्या आधीच उकळतं, म्हणून बर्फाचंच बरं.

आणि मग एका रात्री नेहमीसारखंच सगळं केलं, काहीही न बदलता, फक्त मोजत गेले. दहा लिटरचं पातेलं, रात्री 8 ला गॅस बंद, 92 डिग्री. नेहमीप्रमाणे ओट्यावर निवत ठेवलं. 10 वाजता 67. 12 ला झोपायच्या आधी 52, म्हणजे हाताला "कोमट" लागतंय, ठेवला झाकून फ्रीजमध्ये. सकाळी 6 ला सुई घातली तर 23! मला आधी वाटलं थर्मामीटर बिघडला. शेजारी मुद्दाम पाण्याचा ग्लास ठेवला होता तो 9 वर, म्हणजे त्या एका पातेल्याने रात्रभर बाकीचा फ्रीजसुद्धा गरम केला, त्यात कापलेल्या भाज्या होत्या, दही होतं, सगळं.

आता यात वाईट काय ते सांगते कारण मलाही आधी कळत नव्हतं. उकळल्यावर जंतू मरतात हे खरं, पण काही जंतू बीजाणू करून बसतात, म्हणजे जाड कवच घालून झोपतात, आणि ते उकळीतही टिकतात. रस्सा, शिजवलेली कडधान्यं, मांस यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा असतो. उकळल्याने अन्नातला ऑक्सिजन निघून जातो आणि त्याला नेमकं तेच हवं असतं. पातेलं निवत निवत पन्नाशीच्या खाली आलं की तो जागा होतो, 43 ते 47 डिग्रीच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढतो, सोयीस्कर परिस्थितीत दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. माझं पातेलं त्या पट्ट्यातून आरामात, तासच्या तास घेत उतरत होतं.

भाताची गोष्ट तर अजून वाकडी. त्यात बॅसिलस सीरियस असतो, तोही बीजाणूवाला, आणि भात बाहेर राहिला की तो एक विष तयार करतो ज्याने उलट्या होतात. ते विष परत गरम करून जात नाही. आमच्या सासूबाई म्हणायच्या "सकाळी खळखळून उकळव की झालं", मीही तेच करत आले, पण रश्शातले वाढलेले जंतू एकवेळ मरतील, भातातलं विष तसंच राहतं. आणि वास, रंग, चव काहीही बदलत नाही हो, हीच तर पंचाईत. नाकाने कळत नाही म्हणून घड्याळ आणि थर्मामीटर.

काही देशांच्या नियमांत जी मर्यादा आहे ती दोन टप्प्यांची आहे, 60 पासून 21 पर्यंत दोन तासांत आणि मग 21 पासून 5 पर्यंत अजून चार तासांत. पहिला टप्पा कडक कारण सगळ्यात धोक्याचा पट्टा त्यातच येतो. माझ्या पातेल्याने 60 ओलांडलं अकराच्या सुमारास आणि सकाळी सहापर्यंत 21 गाठलंच नव्हतं. दोन तासांच्या जागी सात तास.

मग प्रयोग सुरू. पहिल्यांदा आळशीपणा केला, पसरट ट्रेमध्ये पाच सेंटीमीटर जाडीचा थर ओतला आणि थेट फ्रीज. पहिला टप्पा कसाबसा जमला पण 21 वरून 5 ला यायला सहा तासांच्या वर गेले, आणि फ्रीज परत तापला तो वेगळाच. मग लक्षात आलं की फ्रीज हा थंड गोष्ट थंड ठेवायला असतो, गरम गोष्ट गार करायला नाही, निदान घरचा तरी नाही. थंड करायचं काम पाण्याने करायचं. पातेलं मोठ्या टबात ठेवायचं, टबातलं पाणी आतल्या रश्शाच्या पातळीपर्यंत, आधी साधं नळाचं पाणी, ते दोनदा बदलायचं, धुतलेल्या डावाने ढवळत राहायचं. साधारण 50 च्या खाली आलं की मगच बर्फ, आधी टाकला तर बर्फ नुसता वाया जातो. दहा लिटरला मला पाचेक किलो बर्फ लागतो म्हणून पाण्याच्या बाटल्या दिवसभर फ्रीजरमध्ये गोठवून ठेवते, बाटल्या टबात, पातेल्यात नाही, तेवढं मात्र बघायचं. 11-12 डिग्रीला आलं की पसरट ट्रेमध्ये तीन सेंटीमीटरपेक्षा कमी थर, ट्रे एकावर एक न चढवता फ्रीजमध्ये, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकण.

त्या दिवशीचं पान समोर आहे म्हणून तसंच उतरवते. 8:00 ला 92. 8:30 ला 48. 9:20 ला 20, म्हणजे 60 ते 21 तासाभरात. 9:50 ला 11, ट्रेमध्ये. 12:45 ला 5. रात्री पाऊण वाजता उठून कोण मोजणार, म्हणून आता स्वयंपाकच संध्याकाळी 5 ला उरकते. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठा फरक पडला तो उरवणंच कमी केल्याने. शक्य तितकं त्याच दिवशी गरम, 60 च्या वर असतानाच डब्यात जातं. भात तर मी उरवतच नाही आता, उरला की टाकते, मन खातं पण टाकते.

वहीबद्दल दोन शब्द. बावीस फॉर्म कपाटात ठेवले आणि एक साधी वही फ्रीजच्या बाजूला दोरीने टांगली, पेनसकट, कारण पेन शोधायला लागलं की नोंद राहून जाते हा माझा अनुभव. एका ओळीत तारीख, पदार्थ, किती लिटर, गॅस बंद केल्याची वेळ, 60 ची वेळ, दोन तासांनी किती, 5 ला कधी आला, सही. आणि शेवटचा रकाना "चुकलं तर काय केलं". हा रकाना तयार फाइलमध्ये नव्हताच, सगळं कायम बरोबर असणार असं धरूनच छापलेली ती. आकडा चुकला तर एक रेघ मारून बाजूला नवीन लिहायचा आणि सही, खोडायचं नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. मोजायच्या आधी आणि नंतर सुई धुवायची, पुसायची, निर्जंतुक करायची, नाहीतर कच्च्या मांसात घातलेली सुई शिजलेल्या रश्शात गेली की आपणच जंतू पोचवले.

मागच्या महिन्यात लाइट गेली, बर्फ नव्हता, दोन तासांनी रस्सा 34 वर. सहा लिटर होता. लिहिलं, "दोन तासांनी 34, फेकला", आणि फेकला. फेकताना जीव तुटला आणि लिहिताना तर वाटलं ही ओळ बघून लायसन्सच नाकारतील. बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा बोट नेमकं त्याच ओळीवर. म्हणाल्या, ही ओळ आहे म्हणून बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

त्यानंतर एकदा गिऱ्हाइकाचा फोन आला की कालच्या जेवणाने पोट बिघडलं. पूर्वी मी घाबरून नुसती सॉरी म्हणत बसले असते किंवा भांडले असते. यावेळी वही काढली, कुठल्या पातेल्यातला डबा, कधी गार झाला, अजून कुणाकुणाला गेला ते बघितलं, त्या सगळ्यांना स्वतः फोन केले, उरलेले ट्रे बाजूला काढून वेगळे ठेवले. बाकी कुणाला काही त्रास नव्हता. म्हणून मी निर्दोष असं नाही म्हणणार, वही तेवढं सांगत नाही, पण कुठे बघायचं ते सांगते.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच, पुढच्या वेळी लायसन्सवर छापाल तेव्हा कागदपत्रांच्या यादीशेजारी अशा एका भरलेल्या पानाचा फोटो छापा, चुकलेल्या ओळीसकट. कोरा फॉर्म नको. वेळ आणि डिग्रीचे आकडे आपल्या भागातल्या अधिकाऱ्यांकडून पडताळून घ्या, जागोजागी थोडा फरक असतो. माझं पान हवं असेल तर पाठवते, त्यावर रश्शाचा डाग आहे तेवढा चालवून घ्या.

आपली,
एक घरगुती किचनवाली वाचक