मांडीवरचं बाळ नाना नव्हे

दांडिया बाजार, वडोदरा

चि. सईस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मीच आधी ठेवला. चूक माझी होती, आणि फोटोच्या वर्षाचीही माझीच होती, पण ते पुढे लिहिते. आधी एक सांगायचं ते सांगून टाकते, मग पुन्हा त्यावर बोलणार नाही: तू नेलेला घरच्यांचा जुना फोटो फ्रेममधून काढू नकोस. तो काचेला चिकटलाय. ट्यूबलाइटखाली तिरका धर. जिथे चिकटलाय तिथे ओलं केल्यासारखं गडद आणि चकचकीत दिसेल, सुटा आहे तिथे किंचित धुरकट. ओढलास तर कागद हातात येईल आणि चेहरे काचेवर राहतील, कारण चित्र असतं ते वरच्या जिलेटिनच्या थरात, आणि तो थर दमट हवेत गोंदासारखा होतो. पाणी नको, केस वाळवायचं यंत्र नको. काचेसकट स्कॅन कर, १२०० डीपीआयवर. तुझ्या खोलीची ती भिंत अजून ओली आहे ना? असो.

वंशावळीत तू फोटोखाली "१९२२, माईच्या मांडीवर नाना" असं घातलंस. मागे तसं लिहिलंय हे खरं, पण ते निळ्या बॉलपेननं लिहिलंय. बॉलपेन बाजारात आलं १९४५ च्या आसपास. म्हणजे तो मजकूर १९२२ नंतर निदान वीसेक वर्षांनी कुणीतरी आठवून लिहिला. आठवण म्हणून तो जपू, पुरावा म्हणून नको.

छापाकडे बघ. कागदाचे तंतू भिंगातून दिसत नाहीत, काळा रंग निखळ काळा आहे, तपकिरी नाही, आणि कडांच्या गडद भागावर चांदीसारखी निळसर झाक आली आहे. हा जिलेटिनचा छाप. त्याआधीचे अंड्याच्या पांढऱ्या भागातले फोटो पातळ कागदावर असत, उजळ भाग पिवळे पडत आणि भिंगाखाली तंतू दिसत. तू नेण्याआधी मी नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखालीही धरला होता. फ्रेमच्या पाठीला दादांनी लावलेला कागद निळा-पांढरा झळकला, फोटोची पांढरी किनार झळकली नाही. झळकणारा कागद १९५० च्या आसपासचा किंवा नंतरचा. न झळकणारा मात्र जुनाच असेल असं नाही. फोटोचा फोटो काढलेला असता तर सुरकुतीचं चित्र दिसलं असतं पण बोटाला सुरकुती लागली नसती. इथे कोपऱ्यातली घडी बोटाला लागते. म्हणजे छाप मूळ आहे. पण छापावरून वर्ष मिळत नाही, १९०० ते १९५० असा लांबलचक पट्टा मिळतो. बाकीचं माणसांवरून.

कपड्यांवरून बघताना लोक आधी मधल्या म्हाताऱ्याकडे बघतात, आणि तिथेच फसतात. बापूजींची पगडी, उपरणं आणि बंद गळ्याचा कोट बघितला तर कोणीही १९०५ म्हणेल. माणूस तरुणपणी जे घालायला शिकतो तेच पुढे तीस वर्षं घालतो. म्हणून घरातल्या सगळ्यात तरुण मोठ्या माणसाकडे बघावं, कारण नवं आधी त्याच्या अंगावर येतं. तू काकांच्या मनगटावरचं घड्याळ मोठं करून दाखवलंस तेव्हा मी शेजारच्या वहिनींना बोलावून सांगितलं, हे आमच्या सईनं शोधलं म्हणून. इतकी वर्षं दप्तरखान्यात काढून माझ्या नजरेला ते पडलं नव्हतं. पुरुषांच्या मनगटावर घड्याळ पहिल्या महायुद्धानंतर रूढ झालं, त्याआधी खिशातलं, साखळीचं. म्हणजे १९२० च्या पुढे. पण तुझ्या १९२२ लाही ते चालतं, हेही खरं.

आता मधल्या जिजीआजी. तू लिहिलंस "काळं लुगडं". काळं नव्हे ग, लाल आलवण आहे ते. त्या काळच्या प्लेटा बहुधा लाल रंगाला आंधळ्या असत, लाल ते काळं उमटे आणि फिका निळा पांढरा दिसे. माईचं कुंकू बघ, डांबराचा ठिपका लावल्यासारखं आलंय ते त्याच कारणानं. पुढे सगळे रंग पकडणारी फिल्म आली तेव्हा उलटं झालं, कुंकू कातडीच्या रंगात मिसळून नाहीसंच व्हायला लागलं. तेव्हा पन्नासच्या पुढच्या फोटोत कपाळ मोकळं दिसलं म्हणून कुणाला विधवा लिहू नकोस. इथे मात्र काम सोपं आहे. जिजीआजींच्या अंगावर आलवण, म्हणजे आजोबा गेल्यानंतरचं, आणि ते १९१८ च्या तापात गेले. माईला कुंकू, म्हणजे बापूजी आहेत, आणि ते १९३३ च्या पावसाळ्यात गेले. एकीचं लुगडं आणि दुसरीचं कपाळ, यांत पंधरा वर्षं अडकली.

उजवीकडच्या तरुण बाईचं नाव तू काकू असं घालून मोकळी झालीस. काकूचं लग्न १९२८ चं. मग फोटो १९२८ नंतरचा, आणि १९२८ नंतरचा म्हणून ती काकू, असं तू गोल फिरतेस. ओळखीवरून वर्ष आणि वर्षावरून ओळख, दोन्ही एकदम चालत नाही. ती नेसली आहे पाचवारी, ब्लाउजची बाही फुगीर, आणि ते तिसाव्या दशकाकडे बोट दाखवतं, एवढंच लिही. व्याख्यान झालं, नाही का? तू लहान असताना गृहपाठ तपासायला बसले की तू वही मिटायचीस, तसं आताही हे पत्र मिटशील. मिटू नकोस, खरी गंमत पुढे आहे.

मोठ्यांच्या वयाचा अंदाज दहा वर्षांनी सहज चुकतो. अंगणात वरून ऊन आलं की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि तिशीतली बाई पंचेचाळीसची दिसते. माई तशी दिसतेय. मुलं मात्र फसवत नाहीत. पुढे मांडी घालून बसलेला मुलगा बघ. डोकं ताजं भादरलेलं, शेंडी, खांद्यावरून जानवं. नुकती मुंज झालीय. तोंड अर्धं उघडं आहे, तिथे पूर्ण मोठं कर. वरचे मधले दोन दात अर्धेच आलेले आहेत, कडा करवतीसारखी आहे. हे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात. फोटो १९२२ चा असेल तर हा मुलगा १९१४-१५ चा हवा, आणि पत्रिकांच्या गाठोड्यात त्या सालचा एकही मुलगा नाही. अण्णाची पत्रिका आहे, श्रावण, शके १८४५. शकात ७८ मिळव, १९२३. आणि अण्णाच्या लग्नाच्या फोटोशी कान ताडून बघ. चेहरा बदलतो, कानाची ठेवण तशीच राहते. दोन्हीकडे पाळी गालाला चिकटलेली आहे, दादांचीही तशीच होती, तुझीही.

मुंजीचा खर्च चोपड्यात सापडला: वैशाख, संवत १९८७, त्यात "फोटोवाल्यास" अशी ओळ. मी ५७ वजा केले आणि तुला ठणकावून १९३० सांगितलं. तू म्हणालीस, "मग बेबी जन्मलीच नव्हती, आई." आणि मी फोन ठेवला. दोन दिवस ते टोचत राहिलं. मग लक्षात आलं, आपला संवत कार्तिकात सुरू होतो, चैत्रात नाही. कार्तिकापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा, पुढचे महिने ५६. वैशाख १९८७ म्हणजे एप्रिल-मे १९३१. उत्तरेकडच्या पंचांगानं तोच वैशाख १९३० त पडतो. एवढी वर्षं गुजरातेत राहून मी ही चूक केली. कुणाला सांगू नकोस.

आता सगळं बसतं. अण्णा पावणेआठ वर्षांचा, म्हणजे आठव्या वर्षात, मुंजीच्या वयाचा. डावीकडे टोपी घालून उभा असलेला, ज्याला आपण सगळे शेजारचा समजत होतो, तो नाना, दहाच्या आसपास. डोक्याच्या मापानं त्याची उंची मोज. दोन वर्षांचं मूल साधारण पाच डोकी भरतं, सहाव्या वर्षी सहाच्या जवळपास, मोठा माणूस साडेसात. हा साडेसहाला जरा कमी भरतो. मात्र बूट दिसतायत तिथपर्यंत मोज, कॅमेरा वरून असेल तर पाय आखूड दिसतात.

आणि मांडीवर कुंचीतलं बाळ. मान सावरलेली आहे, पाठीला माईचा हात आहे, मूठ हलल्यामुळे पुसट आलीय. पाच ते आठ महिन्यांचं. बेबी १९३० च्या दिवाळीतल्या पाडव्याची, इथल्या बेसत्या वर्षाची, म्हणजे संवत १९८७ चा पहिलाच दिवस. वैशाखात साडेसहा महिन्यांची. कुंची आणि कडोल्यांवरून मुलगा की मुलगी ते कळत नाही, जावळ काढेपर्यंत मुलगेही तसेच दिसत, म्हणून कपड्यांवरून मी काहीच म्हणत नाही. वयावरून म्हणते.

ती १९३४ च्या जानेवारीतल्या थंडीत गेली, सव्वातीन वर्षांची. आधी नुसता खोकला होता असं माई सांगत. तिचा दुसरा फोटो घरात कुठेच नाही. नानांचे सतरा आहेत. म्हणून मी रविवारी एवढी चिडले. तुला वाटलं असेल, आई एका वर्षासाठी भांडते.

तेव्हा असं लिही: "एप्रिल-मे १९३१, अण्णाच्या मुंजीच्या वेळी. माईच्या मांडीवर बहुधा बेबी." बहुधा राहू दे, कारण वय जुळतं, चेहरा ताडायला दुसरा फोटो नाही. उजवीकडे "बहुधा काकू" घाल. तुझं नाव शोधणारी म्हणून घाल, घड्याळ तुझं आहे.

पावसाळा संपेपर्यंत फ्रेम बाहेरच्या भिंतीवर टांगू नकोस, आतल्या कपाटात उभी ठेव, भिंतीपासून वीतभर लांब. पलंगही तसाच सरकव. खोकला तीन आठवडे झाला, फोनवर तू हसलीस तेव्हाही ऐकू आला. घरमालकाशी मी बोलू का? नको म्हणशील. डॉक्टरांकडे शनिवारी जा, आणि छातीचा एक्सरे काढायला सांगितला तर काढून ये, मला नुसता "हो" असा मेसेज टाक.

तुझी,
आई