मुद्रित नाटक बघताना...

महोदय,
आमच्या मालवणात सिनेमावर पोसलेली पोरं मुद्रित नाटक लावतात आणि दहा मिनिटांत ‘किती ओरडतात!’ म्हणून बंद करतात. ओरडणारच, तो आवाज शेवटच्या रांगेसाठी लावलेला असतो. अशांना मी गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ सुचवतो. गावकरी महाभारतातलं नाटक बसवतात, एवढीच गोष्ट. त्यामुळे नाटक म्हणजे काय, हे हसता हसता कळतं. शिवाय भाषा आपली मालवणी!

त्यात मच्छिंद्र कांबळींचे तात्या सरपंच बघा. हशा उसळला की नट पुढचं वाक्य तोंडातच धरून ठेवतो आणि हशा ओसरायला लागला की सोडतो. सिनेमाची सवय असलेल्याला ती जागा रिकामी वाटते, म्हणून तो पुढे ढकलतो आणि नेमकी गंमत घालवतो. त्यासाठी एक अंक सलग, चारचौघांत बसून बघावा.

कॅमेऱ्याची खोट मात्र राहतेच. बोलणाऱ्याचा चेहरा जवळून दाखवला की मागे ऐकणाऱ्यांचे हावभाव गेले. ते बघायचे तर नाट्यगृहात जायला हवं, नाहीतर जत्रेत रात्रभर दशावताराला बसायला हवं. तिथे थंडी वाजते, तेवढी सोसा.

– एक नाट्यवेडा, मालवण